आकडा खरा, वाक्य खोटं

‘कार्बन डेटिंगने सिद्ध झालं आहे.’ या वाक्याशी माझं भांडण आहे. फॅमिली ग्रुपवर, यूट्यूबच्या थंबनेलवर, बातमीच्या मथळ्यात ते सतत भेटतं. पुढे एक आकडा असतो: अमुक नगरी नऊ हजार वर्षं जुनी, तमुक मूर्ती पाच हजार वर्षं जुनी. आकडा आला की चर्चा संपते, कारण विज्ञानाशी कोण भांडणार?

मी भांडणार आहे, पण विज्ञानाशी नाही. कार्बन डेटिंग ही मला माहीत असलेल्या सगळ्यात प्रामाणिक मोजमापांपैकी एक पद्धत आहे. राग याचा येतो की या पद्धतीने दिलेलं एका प्रश्नाचं उत्तर उचलून लोक दुसऱ्याच प्रश्नाखाली चिकटवतात. दरवेळी आकडा खोटा असतोच असं नाही. बहुतेक वेळा आकडा खरा असतो आणि त्याच्या आधारावर उभं केलेलं वाक्य खोटं असतं. हे कसं घडतं ते समजायला आधी हे घड्याळ कसं चालतं ते पाहावं लागेल.

सापशिडीच्या फाशांपासून सुरुवात करू. समजा तुमच्याकडे सहाशे फासे आहेत. सगळे एकदम टाका आणि ज्यांवर सहा पडले ते बाजूला काढा. साधारण शंभर फासे जातील, पाचशे उरतील. पुन्हा टाका. आता शंभर जाणार नाहीत, त्र्याऐंशीच्या आसपास जातील, कारण टाकायला फासेच कमी आहेत. चार फेऱ्यांनंतर सुमारे २८९ फासे उरतात, म्हणजे निम्म्याला थोडे कमी. आणखी चार फेऱ्या खेळलात तर फासे संपत नाहीत, २८९ चे साधारण १४० होतात. पुन्हा जवळपास निम्मे.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, किती फासे जातील हे किती उरले आहेत यावर ठरतं. दोन, फाशाला आठवण नसते. सात वेळा वाचलेला फासा आठव्या वेळी दमलेला नसतो. त्याची जाण्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच, सहात एक. रसायनशास्त्रात याला प्रथम कोटीचा ऱ्हास म्हणतात. बारावीच्या पुस्तकात तो एका चौकटीत येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. मेणबत्ती अशी जळत नाही. ती तासाला ठरावीक लांबीने कमी होते आणि एका क्षणी संपते. किरणोत्सारी पदार्थ मात्र ठरावीक काळात निम्मा, पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्याचा निम्मा, असा ओसरत जातो. तो निम्मा होण्याचा काळ म्हणजे अर्धायुकाल, इंग्रजी माध्यमातल्यांची हाफ-लाइफ.

कार्बन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ५७३० वर्षं आहे. फाशांच्या भाषेत सांगायचं तर कार्बन-१४ चा एखादा अणू येत्या वर्षभरात फुटून नायट्रोजन होण्याची शक्यता साधारण सव्वाआठ हजारांत एक. कोणता अणू कधी फुटेल हे कुणीही सांगू शकत नाही. पण ताज्या लाकडातून काढलेल्या एका ग्रॅम कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात, आणि इतक्या फाशांत नशीब उरत नाही, सरासरी उरते. त्या ग्रॅममध्ये मिनिटाला तेरा-चौदा अणू फुटतात. थंडी, ऊन, गाडलं जाणं, जळणं, यातलं काहीही त्या गतीला हात लावत नाही, कारण हा ऱ्हास अणूच्या केंद्रकात होतो आणि चुलीची आग तिथवर पोचत नाही. म्हणूनच जळून कोळसा झालेलं धान्यही वेळ सांगू शकतं.

आता हे घड्याळ सुरू कधी होतं? कार्बन-१४ वातावरणात वर सतत तयार होत असतो. वैश्विक किरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि त्याचा कार्बन-१४ बनतो. तो कार्बन डायऑक्साइडमधून झाडात जातो, झाडातून जनावरात आणि माणसात. साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक, इतकं त्याचं प्रमाण. जीव जगत असेपर्यंत फुटलेल्या अणूंची भरपाई होत राहते. जीव मेला की भरपाई थांबते आणि फासे कमी होऊ लागतात. घड्याळ सुरू होण्याचा क्षण हाच: तो जीव वातावरणातून कार्बन घ्यायचा थांबला तो.

हे वाक्य नीट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण इथे आहे. घड्याळ घर बांधल्यावर सुरू होत नाही. मूर्ती घडवल्यावर होत नाही. नगर वसल्यावर, राजा गादीवर बसल्यावर होत नाही. ते दाणा पिकल्यावर, फांदी तुटल्यावर, जनावर मेल्यावर सुरू होतं. दगडाला आणि तांब्याला हे घड्याळ नाहीच. पाषाणमूर्तीचं कार्बन डेटिंग झालं असं कुणी सांगितलं तर काळ विचारू नका, नेमकं काय मोजलं ते विचारा. खाली सापडलेली राख मोजली असेल तर तो राखेचा काळ आहे. डायनासोरचंही तेच. पन्नासेक हजार वर्षांनंतर मूळ कार्बन-१४ चा पाव टक्काही उरत नाही, आणि मग बाहेरून शिरलेला चिमूटभर ताजा कार्बनसुद्धा सगळा हिशेब बिघडवतो.

एक हिशेब करून पाहू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. घरं, धान्याची पेवं, घराच्या जमिनीखाली पुरलेली माणसं, असं ताम्रपाषाण काळातलं एक अख्खं गाव त्यांनी उलगडलं. समजा तिथल्यासारख्या एखाद्या थरातून जळालेल्या सातूचा एक दाणा तुमच्या हाती आला. आधी तो आम्लाने आणि अल्कलीने धुवायचा, म्हणजे मातीतून झिरपलेला परका कार्बन निघून जातो. मग जाळून, शुद्ध करून, प्रवेगक असलेल्या यंत्रात कार्बन-१४ चे अणू थेट मोजायचे. या पद्धतीला एकच दाणा पुरतो. पूर्वी अणू फुटण्याची वाट पाहत मोजावे लागत आणि त्यासाठी कित्येक ग्रॅम कोळसा लागे.

समजा ताज्या कार्बनच्या मानाने ६९ टक्के कार्बन-१४ उरलेला आढळला. मग गणित एका ओळीचं आहे:

t = 8033 × ln(1/0.69) ≈ 2980

म्हणजे सुमारे २९८० वर्षं. यात एक सोपी फूटपट्टीही दडलेली आहे. उरलेला भाग मोजताना त्याच्या एक टक्का इतकी चूक झाली तर वयात सुमारे ऐंशी वर्षांचा फरक पडतो. त्यामुळे प्रयोगशाळा ‘२९८०’ असं कधीच लिहीत नाही, ‘२९८० ± २५’ असं काहीतरी लिहिते. ते अधिक-उणे म्हणजे मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा. बातमी होताना सर्वांत आधी गळतं ते हेच.

आणि हे २९८० म्हणजे दाण्याचं वय नव्हे. इथे बहुतेक लोक दचकतात. सूत्रातला ८०३३ हा आकडा ५५६८ वर्षांच्या जुन्या अर्धायुकालावरून येतो. विलार्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत उभी केली आणि पुढे हाच अर्धायुकाल रूढ झाला. तो थोडा चुकीचा आहे हे सगळ्या प्रयोगशाळांना माहीत आहे. तरीही जुने-नवे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून त्या तोच वापरतात. शिवाय ही वर्षं आजपासून मागे मोजत नाहीत, १९५० पासून मोजतात. ‘पाहा, शास्त्रज्ञच चुकीचा आकडा वापरतात’ असं म्हणत काही लोक इथे टाळ्या वाजवतात. त्यांनी थोडं थांबावं, कारण २९८० हा मधला टप्पा आहे, उत्तर नाही.

उत्तर झाडं देतात. गणितात आपण धरून चाललो की हवेतलं कार्बन-१४ कायम सारखं होतं. ते तसं नव्हतं. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं तसं तेही वरखाली होतं. मात्र खोडाची प्रत्येक वार्षिक कडी त्या वर्षीची हवा साठवून ठेवते, आणि कड्या मोजता येतात. जिवंत झाडाच्या कड्या जुन्या तुळईच्या कड्यांशी, त्या दलदलीत गाडलेल्या ओंडक्याशी जुळवत शास्त्रज्ञ बारा हजारांहून अधिक वर्षं मागे गेले. प्रत्येक कडीतलं कार्बन-१४ मोजून त्यांनी एक वक्ररेषा काढली. आपले २९८० त्या रेषेवर ठेवले की खरं उत्तर मिळतं: साधारण इ.स.पू. १३०० ते ११०० यांच्या दरम्यान कधीतरी. ५५६८ ची चूकही तिथेच धुऊन निघते, कारण कडीचं आणि दाण्याचं वय एकाच चुकीच्या पट्टीने मोजलेलं असतं. इनामगावच्या आद्य जोर्वे काळाला पुरातत्त्वज्ञ इ.स.पू. १४०० ते १००० मानतात. आपला मानलेला दाणा त्यात नीट बसतो.

पण ही रेषा सगळीकडे सरळ उतरत नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात ती जवळजवळ आडवी आहे. त्या चारशे वर्षांत मेलेल्या जवळपास सगळ्या गोष्टी मोजल्यावर साधारण एकाच वयाच्या दिसतात. यंत्र कितीही चांगलं असो, तिथे घड्याळाचा काटा अडकतो. तामिळनाडूतल्या कीळडीच्या एका नमुन्याचा इ.स.पू. ५८० च्या आसपासचा काळ २०१९ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जाहीर केला. तो या पठाराच्या मधोमध पडतो. याचा अर्थ कीळडी जुनं नाही असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की ५८० हा सुटा आकडा म्हणून वाचायचा नाही, रुंद पट्ट्याचा मध्य म्हणून वाचायचा. तो अरुंद करायला त्या थरातली भांडी, वरचे-खालचे थर आणि आणखी नमुने लागतात. जो सुट्या आकड्यावर अभिमान बांधतो आणि जो सुट्या आकड्यावर त्याची खिल्ली उडवतो, दोघांनीही ती रेषा पाहिलेली नसते.

इथवर सगळं प्रयोगशाळेतलं होतं. खरा घोटाळा प्रयोगशाळेबाहेर होतो, आणि त्याचं आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण आहे खंभातच्या आखातातलं.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला २००० च्या सुमारास गुजरातजवळच्या या आखाताचं सर्वेक्षण करताना सोनारच्या प्रतिमांत तळाशी भौमितिक आकार दिसले, तीस-चाळीस मीटर खोलीवर. मग तळ खरवडून वस्तू वर काढल्या: दगड, मातीचे तुकडे, हाडं आणि लाकूड. लाकूड कार्बन डेटिंगला गेलं. जानेवारी २००२ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी इ.स.पू. ७५०० च्या आसपासचा काळ जाहीर केला. समुद्राखाली साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं नगर, हडप्पाच्या प्रगत नगरांपेक्षा पाचेक हजार वर्षं जुनं! ही बातमी आजही नव्या संगीतासह तुमच्या फोनवर फिरते.

मी इथे लाकडाच्या वयाबद्दल वाद घालणार नाही. ते साडेनऊ हजार वर्षं जुनं आहे असं धरून चालू. मग ‘ते झाड साडेनऊ हजार वर्षांपूर्वी मेलं’ एवढं सिद्ध होतं. नगराचं काय? त्या काळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, म्हणजे आजच्या तळाचा काही भाग तेव्हा उघडा असणार किंवा किनाऱ्यालगत असणार. तिथे झाडं असणं यात आश्चर्य ते काय? शिवाय नर्मदा, तापी, मही आणि साबरमती याच आखातात येतात, पुराबरोबर खोडं आणतात. आणि इथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत जोरदारांपैकी आहे. तळावरची प्रत्येक सुटी वस्तू ती हलवते.

आता प्रश्न एकच उरतो: ते लाकूड आणि ते ‘नगर’ एकमेकांचे कोण? लाकूड भिंतीत रोवलेलं होतं का? चुलीत जळालेलं होतं का? त्यावर तासल्याच्या खुणा होत्या का? उत्खननात याचं उत्तर थर देतात. दाणा अमुक घराच्या जमिनीवर, अमुक भांड्याशेजारी, वरून न भेदलेल्या थरात सापडला, असं नोंदवता येतं. समुद्रतळ खरवडणारं यंत्र हाच पुरावा सर्वांत आधी नष्ट करतं. वर येतो तो गाळ, आणि त्यात शंभर वर्षांपूर्वीचं खापर नि दहा हजार वर्षांपूर्वीचं खोड शेजारी-शेजारी बसू शकतात. तेव्हा ‘कार्बन डेटिंगने नगर सिद्ध झालं’ हे वाक्य म्हणजे नदीकाठी सापडलेल्या ओंडक्यावरून शेजारच्या पुलाचं वय सांगण्यासारखं आहे.

हाच घोटाळा छोट्या रूपात जमिनीवरही होतो. आपल्याकडे जुना वाडा पाडला की सागाचे खांब नव्या घरात जातात. उद्या कुणी त्या खांबाचा तुकडा तपासला तर नव्या घराचं वय दोनशे वर्षं जास्त निघेल. खांब पहिल्यांदाच वापरला असला तरी खोडाच्या गाभ्यातल्या कड्यांनी कार्बन घेणं फार पूर्वी थांबवलेलं असतं. मोठ्या झाडाचा गाभा सालीपेक्षा शंभर-दोनशे वर्षं जुना असू शकतो. म्हणून जाणता पुरातत्त्वज्ञ तुळई सोडून दाणा मागतो. दाणा एका हंगामाचा असतो. त्याच थरातला दाणा आणि कोळसा दोन्ही मोजून पाहिले आणि कोळसा बराच जुना निघाला, तर लाकूड जुनं होतं हे लगेच कळतं. खालच्या थराचा दाणा वरच्यापेक्षा तरुण निघाला, तर उंदराच्या बिळातून किंवा खड्ड्यातून काहीतरी घसरलं आहे हे कळतं. चूक पकडायची सोय पद्धतीतच आहे. अट एवढीच की नमुने अनेक हवेत आणि ते कुठून आले याची नोंद हवी. खंभातसारख्या दाव्यांत नेमकं तेच नसतं.

यावर एक उत्तर हमखास येतं: ‘सामान्य वाचकाने एवढं कुठे बघायचं? शास्त्रज्ञ म्हणाले ना!’ पण शास्त्रज्ञ तसं म्हणालेच नसतात. प्रयोगशाळेच्या अहवालात नमुन्याचा क्रमांक असतो, तो कशाचा आहे ते असतं, वय असतं, अधिक-उणे असतं. ‘नगर’ हा शब्द त्यात नसतो. तो नंतर कुणीतरी घालतं, आणि घालणाऱ्याला विज्ञानाची सही हवी असते, विज्ञानाच्या अटी नको असतात. दुसरीकडे, असा दावा पडला की ‘कार्बन डेटिंग बोगसच’ म्हणणारेही त्याच सहीचा अपमान करतात. अणूने आपलं काम चोख केलेलं असतं. त्याला जे विचारलंच नव्हतं त्याचं उत्तर त्याच्या तोंडी घातलं गेलं, यात त्याचा काय दोष?

आणि हे बघायला फार काही लागत नाही. पुढची बातमी आली की तिच्यात शोधा: मोजलं काय, दाणा की खोड? ते ज्याचं वय सांगतात त्याच्याशी त्या वस्तूचं नातं कशावरून? आकडा एकच वर्ष आहे की पट्टा? आणि नमुना एकच होता की थराथरांतून अनेक? यांतलं एकही उत्तर बातमीत नसेल, तर तुमच्यासमोर काळ नाही, इच्छा आहे. इच्छेला अर्धायुकाल नसतो. ती ओसरत नाही, फॉरवर्ड होत राहते.